सहा महिन्यांचे दाणे

रोपवाटिकेत त्यांना सगळे झारीकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकतीस वर्षं दर सोमवारी ते पिंपात पातळ खत कालवायचे, झारी भरायचे आणि कुंड्यांच्या रांगांतून बडबडत फिरायचे. "तुला काय झालं गं रुसायला?" हे एखाद्या जास्वंदीला. माणसांशी ते इतकं गोड कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

जुने मालक गेल्यावर कारभार त्यांच्या मुलीकडे आला. काकांनी तिला रांगताना पाहिलेलं, त्यामुळे ती मालकीण झाली तरी "तू"च राहिली. उन्हाळ्याच्या तोंडावर तिने एक पोतं आणलं. आत गुळगुळीत, पिवळसर दाणे होते.

"काका, हे कुंडीच्या मातीत मिसळायचं. दाण्याच्या वेष्टणातून पाणी आत जातं, खत विरघळतं आणि थोडं थोडं बाहेर येत राहतं. सहा महिने बघायला नको. सोमवारची झारी बंद!"

शेवटचे शब्द काकांच्या जिव्हारी लागले. झारी बंद, म्हणजे झारीकाकांचं काय उरलं? त्यांनी मापाने, एक दाणाही इकडचा तिकडे न करता, दोनशे जास्वंदींच्या कुंड्या स्वतः भरल्या. म्हातारा फुगला होता, पण कामात खोट काढायची सोय नव्हती.

पहिले दोन महिने जास्वंदी नुसत्या फोफावल्या. काका सोमवारी झाडांना नावाच्या पट्ट्या बांधत बसायचे आणि मनातल्या मनात त्या पोत्याला शिव्या घालायचे. ऊन मात्र कडक होतं. कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या, दिवसातून दोनदा पाणी.

तिसरा महिना सरत आला आणि खालची पानं पिवळी पडू लागली. आधी एका रांगेत, मग सगळीकडे. मालकिणीने एका कुंडीतली माती उकरली. दाणे जसेच्या तसे, टपोरे.

"खत तर अजून तसंच आहे," ती म्हणाली. "काका, पाणी जास्त होतंय का? मुळं कुजली असतील."

एकतीस वर्षांत काकांच्या पाण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते उठले, कुंडी उलटी करून मातीचा गोळा हातावर घेतला. मुळं पांढरीशुभ्र, कुठे कूज नाही. मग त्यांनी मातीतला एक दाणा उचलला आणि नखाने दाबला. दाणा चपटा झाला, पाण्याचा थेंब बाहेर आला, बस्स. पोत्यातला दाणा आणून दाबला. तो दगडासारखा टणक.

"हे दाणे नाहीत, टरफलं आहेत," ते म्हणाले. "जेवण संपलंय, ताट तेवढं राहिलंय."

मालकिणीने पोत्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. सहा महिने, पण एकवीस अंशांच्या सरासरी तापमानाला. तिने भर दुपारी कुंडीच्या मातीत तापमापक खुपसला. अडतीस! जितकी उष्णता जास्त, तितकं खत लवकर सुटणार. सहाचे तीन महिने झाले ते असे.

आता म्हातारा टेंभा मिरवणार, म्हणून सगळे कान टवकारून उभे राहिले. पण काका पानं चाचपत म्हणाले, "खत वाईट नाही गं. पहिल्या दोन महिन्यांत जी वाढ झाली, ती माझ्या झारीने कधी झाली नसती. माझं पातळ खत मुळांना लगेच मिळतं, पण चार पाण्यांत धुऊनही जातं. उन्हाळ्यात दाणे दर तीन महिन्यांनी घालू. आत्ता मात्र उपाशी झाडांना झारीच हवी."

आणि मग, पाठ फिरवून, "मला काढायचं होतं तर सरळ सांगायचं होतंस."

"काढायचं?" मालकिणीचा आवाज चढला. "तिसऱ्या रांगेत पोचलात की तुम्ही झारी डाव्या हातात घेता. उजवा खांदा धरून उभे राहता, कुणी बघत नाही असं समजून. वर्षभर बघतेय मी! तो खांदा वाचावा म्हणून आणलं ते पोतं."

काकांचा हात उजव्या खांद्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

सोमवारी झारी तिने उचलली. काका रिकाम्या हातांनी पुढे चालत होते.

"अगं, कोरड्या मातीत खत ओततेस? आधी साधं पाणी घाल, नाहीतर मुळं भाजतील. एकतीस वर्षं इथे राबलो आणि तुला एवढंही शिकवलं नाही मी!"

"शिकवा की मग," ती म्हणाली.

काकांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, उन्हाला एक शिवी हासडली आणि तिला पुढची कुंडी दाखवली.