आपला प्रश्न आम्हाला मिळाला

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे यादी दिसली की माझ्या अंगात येतं. त्यामुळे कोपरखैरण्यातल्या आमच्या छोट्या महिला मंडळाने ऑनलाइन व्याख्यान ठरवलं, तेव्हा नोंदणी, आठवणीचे मेल आणि प्रश्नांची निवड ही तिन्ही कामं मी हौसेने ओढून घेतली. विषय होता सासरच्या घरात राहण्याचा बाईचा हक्क. बोलणार होत्या एक वकीलबाई. तीनशेच्या वर नावं आली.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना ठेवला होता, 'तुमचा प्रश्न'. शुक्रवारी सकाळी आठवणीचा मेल तयार करताना वाटलं, नुसती वेळ आणि लिंक फारच कोरडं दिसतंय. यादीतून प्रत्येकीचं नाव मेलमध्ये आपोआप बसत होतं, तसा मी तिचा प्रश्नही बसवला. 'आपला प्रश्न आम्हाला मिळाला', आणि खाली तिचेच शब्द. कोण खूश झाले मी स्वतःवर! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मेल गेले. मग चहा घेऊन वकीलबाईंसाठी प्रश्न वेगळे काढायला बसले. चाळीस-पन्नास वाचून झाले असतील.

'नवरा मारतो. घर सासूच्या नावावर आहे. मुलीला घेऊन निघायचं ठरवलंय, त्याला माहीत नाही. नंतर त्या घरावर माझा हक्क राहील का?'

शेजारच्या रकान्यात मेलचा पत्ता होता. त्यात एका पुरुषाचं नाव, तिचंच आडनाव आणि पुढे 'इलेक्ट्रिकल्स'.

बाईने घरात होता तो मेल दिला होता. तिला वाटलं असेल, नुसती लिंक येईल, ती उघडून मेल पुसून टाकू. आणि मी तिचा बेत उचलून नवऱ्याच्या दुकानाच्या मेलवर पाठवला होता. गेलेला मेल परत येत नाही. फोन नंबर मी फॉर्ममध्ये मागितलाच नव्हता, आणि असता तरी उचलला कोणी असता?

मंडळाच्या अध्यक्ष जवळच्याच तळवली गावच्या, आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्यांना फोन केला. म्हटलं, चुकून गेला, दुर्लक्ष करा, असा मेल पाठवू का?

"येडी हाय का तू?" ताई म्हणाल्या. "पयला वाचला नसंल तर दुसरा बघून वाचंल ना. गप बस आता. कायपन करू नको."

काही न करणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी तिची ओळ पंधरा वेळा तरी उघडून पाहिली असेल.

शनिवारी चार वाजता व्याख्यान सुरू झालं. लोकांनी लिहिलेले प्रश्न आधी फक्त मला आणि ताईंना दिसत होते. आम्ही एखादा पुढे सोडला तरच तो बाकीच्यांना दिसणार. माझं लक्ष मात्र हजेरीच्या यादीवर. चार-बाराला तिचं नाव उमटलं. मी मोठ्याने "आली!" म्हणाले, घरात कोणी नसताना.

पाच मिनिटांनी त्याच नावाने प्रश्नांमध्ये एक ओळ आली. 'माझा प्रश्न घेऊ नका.'

हे तिने लिहिलं, की तो शेजारी बसलाय म्हणून तिने लिहिलं, की त्यानेच? नाव तर लिंकबरोबर येतं, बोटं कोणाची ते कळत नाही. मी ती ओळ बाजूला काढली. तशाच अर्थाचे आणखी दोन प्रश्न दुसऱ्या बायकांचे होते, तेही भीतीने दाबून ठेवले. नको, त्याला संशय यायचा.

ताईंचा फोन आला. "ते दोन कशाला अडवलेस? तिलाच तर आयकायचं हाय. नाव काडून सोड."

मी नाव झाकून एक सोडला. वकीलबाई सावकाश म्हणाल्या, घर कोणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, निघून जावं लागलं तरी; कागदपत्रं मात्र आधीच विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. तिचं नाव शेवटपर्यंत यादीत होतं. व्याख्यान संपलं आणि सगळ्यांबरोबर तेही गेलं.

आभाराचा आणि रेकॉर्डिंगचा मेल मी तो पत्ता वगळून पाठवला. मग तीन महिने भीतीत गेले. पेपरात कोणा बाईची बातमी दिसली की मी आधी आडनाव बघायची. चूक माझी होती, आणि मार खाणार होती ती.

पुढच्या व्याख्यानाची नोंदणी उघडली. दुसऱ्या दिवशी यादीत तेच नाव दिसलं. मेलचा पत्ता नवा होता, फक्त तिच्या नावाचा. प्रश्नाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'मेलमध्ये प्रश्न लिहू नका. कोणाचाच.'