हळदीच्या कापडामागची खिडकी

एडनाला राग यायला फार काही लागत नाही, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणतात. साफ खोटं. तिला राग यायला निदान एक न उघडलेली खिडकी लागते.

तिचे पप्पा ठाण्याच्या गावठाणात सुतारकाम करायचे, तेही मुख्यतः दारं-खिडक्यांचं. लहानपणी ती त्यांच्यासोबत घरोघरी हिंडायची आणि टेपचं दुसरं टोक धरून उभी राहायची. पप्पांचा एकच नियम होता. कागदावर खिडकी काढायच्या आधी ती आपल्या हाताने उघडायची, बाहेर काय आहे ते बघायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. एडना पुढे ड्राफ्ट्समनचा कोर्स करून घरांचे नकाशे काढू लागली, हाताने काढायची ती कॉम्प्युटरवर काढू लागली, चोपन्न वर्षांची झाली, पण तो नियम काही सुटला नाही. किती बायकांनी नाकं मुरडली असतील, "अहो, पडदे बदलायचेत फक्त, खिडकी कशाला उघडताय?" ही बाई उघडायचीच.

हल्ली ती घोडबंदर रोडवर धनेशच्या ऑफिसात असते. धनेश तिशीतला, गोड बोलणारा. भिंतीवर भली मोठी पाटी: फोटो पाठवा, दहा मिनिटांत नवी खोली बघा. गिऱ्हाईक मोबाईलवर आपल्या खोलीचा फोटो काढून धाडतं. सॉफ्टवेअर त्या फोटोतून खोलीचा सांगाडा उचलतं: कडा कुठे आहेत, काय जवळ, काय लांब, कुठला तुकडा भिंतीचा, कुठला खिडकीचा, कुठला जमिनीचा. मग भिंती आणि खिडक्या आहेत तिथेच ठेवून बाकी सगळं नव्याने रंगवतं. नवा पलंग, नवी कपाटं, नवे दिवे. एडनाला त्याचं वाकडं नव्हतं. पूर्वी ज्या चित्राला तिला दोन दिवस लागायचे, ते चहा गार व्हायच्या आत समोर यायचं. वाकडं होतं ते धनेशने साइटवर जाणंच बंद केलं त्याचं. मापंसुद्धा आता गिऱ्हाइकाने फोनवर सांगायची.

त्या बुधवारी खडवलीच्या एका घराची फाईल तिच्या टेबलावर आली. कपाटाची कटिंग-लिस्ट, म्हणजे प्लाय कुठल्या मापाने कापायचा त्याची यादी, काढायची होती. प्लाय येऊन पडलेला, सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार. घरात आठवड्यापूर्वीच लग्न झालेलं. नव्या सुनेने, जागृतीने, सासऱ्यांच्या खोलीचा फोटो पाठवला होता. सासरे, राघो, पॅरालिसिसमुळे पलंगावरच असायचे. लग्न उरकताच तपासण्यांसाठी कल्याणच्या हॉस्पिटलात गेले होते, सासूबाई आणि मुलगा सोबतीला. शनिवारी ते घरी येईपर्यंत खोली नवी करून त्यांना चकित करायचं, असा सुनेचा बेत.

फोटोत मागची अख्खी भिंत पिवळ्या कापडाने झाकलेली होती. हळदीला लावलेलं कापड, वर झेंडूच्या सुकलेल्या माळा. मंडपवाल्याने ते अजून नेलंच नव्हतं. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने जे दिसलं ते भिंत म्हणून धरलं आणि नव्या चित्रात तिथे जमिनीपासून छतापर्यंत देखणं कपाट उभं केलं. बाजूची छोटी खिडकी मात्र इमानेइतबारे जागच्या जागी.

एडनाने फोटो मोठा केला. कापडाच्या मधोमध एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ होता. भिंतीतून ऊन येत नसतं.

"धनेश, ह्या कापडामागे खिडकी आहे."

"आंटी, असं काही नाय. भिंती लॉक करूनच जनरेट केलंय. लाईन्स बघा ना, एकदम परफेक्ट मॅच."

"कापडाशी मॅच आहे रे! त्याला जे दिसलं तेच त्याने लॉक केलं. मागे काय आहे ते त्याला कुठून कळणार?"

"क्लायंटने चित्र ॲप्रूव्ह केलंय. तिचं घर आहे, तिला माहीत नसेल का? टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ! पलंगाला खिळलेल्या माणसाची खिडकी बंद होतेय आणि हा खुर्चीवर गोल फिरत सांगतोय, टेन्शन नका घेऊ. एडनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टेप पर्समध्ये टाकला, अर्ध्या दिवसाची रजा लिहून त्याच्या टेबलावर ठेवली आणि सरळ खडवली गाठली.

जागृतीने दार उघडलं. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. एडना आत गेली, पलंगावर चढली आणि कापड वर सारलं. मागे काचेच्या दुहेरी झडपांची लाकडी खिडकी होती, हातभर रुंद कट्ट्याची. कट्ट्यावर तंबाखूची डबी आणि चष्मा. तिने कडी काढून झडप ढकलली. बाहेर शेताचा बांध, अगदी हाताच्या अंतरावर.

बांधावरून एक बाई भारा घेऊन चालली होती. खिडकी उघडलेली बघून तिथेच थांबली. "राघोदादा, आलास का रं?" तिने हाक मारली. आत अनोळखी चेहरा दिसल्यावर ओशाळली. "मना वाटला दादा आला. रोज बोलतो ना आमच्याशी हितून. आठ दिस झालं, खिडकी बंदच."

जागृती भिंतीला टेकून उभी राहिली. "मला माहीतच नव्हतं हो. मी ह्या घरात आले तेव्हा कापड लागलेलंच होतं. मला वाटलं, भिंतच आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या मी त्यांचं बोलणंच बंद केलं असतं."

एडनाला तिच्यावर रागावता आलं नाही. आठ दिवसांची सून, तिला काय ठाऊक? ज्यांना ठाऊक करून घ्यायचा पगार मिळतो, त्यांच्यावर तिचा राग होता.

दोघींनी मिळून कापड उतरवलं. एडनाने दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून कोपऱ्यातून फोटो काढला, टेपने सगळी मापं घेतली आणि तिथेच बसून फोनवरून तोच फोटो त्याच सॉफ्टवेअरला दिला. ह्या वेळी भिंती लॉक झाल्या आणि दोन खिडक्याही. कपाट गेलं दाराशेजारच्या कोऱ्या भिंतीला, पलंग आला कट्ट्याला लागून. चित्रातलं कपाट सहज मावत होतं. टेप म्हणत होता, चार इंच कमी करा. चित्राला इंच कळत नाहीत. तिने सुताराला फोन करून नवी मापं सांगितली.

शनिवारी राघो घरी आले.

सोमवारी धनेशने कंपनीच्या पेजवर जोडफोटो टाकला. डावीकडे हळदीच्या कापडाची खोली, उजवीकडे एडनाच्या फोटोवरून बनलेली नवी. वर मथळा: आमच्या एआयची कमाल! खाली लोक विचारू लागले, भिंतीत नवी खिडकी पण काढून देता का? धनेश प्रत्येकाला उत्तर देत होता, हो, ऑन रिक्वेस्ट. असा निर्लज्जपणा अंगात मुरावा लागतो, एका दिवसात येत नाही.

एडनाने खाली लिहिलं: खिडकी पहिल्यापासून होती. ती कापडाने झाकली होती आणि आम्ही बघायला गेलो नव्हतो.

धनेशने कमेंट काढली. तिने परत टाकली. त्याने परत काढली आणि केबिनमधून ओरडला, "आंटी, काय चाललंय?"

"खरं लिहितेय."

तिसऱ्यांदा कमेंट आली ती जागृतीच्या नावाने. सोबत फोटो होता. राघो पलंगावर, चष्मा लावून, चांगला हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बसलेले. बाहेर तीच भारेवाली आणि तिच्यामागे आणखी दोघी; तिघीही हसतायत. खाली जागृतीने लिहिलं होतं: ही खिडकी माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी बसवलेली आहे. मला ती माहीत नव्हती. तुम्हाला ती बघायची नव्हती.

ती कमेंट धनेशने काढायच्या आत बऱ्याच जणांनी वाचली होती. एडनाने टेप पर्समध्ये टाकला आणि पुढच्या घराचा पत्ता मागायला त्याच्या केबिनमध्ये गेली.