नांदायला बोलावणारा नवरा

जव्हारच्या कोर्टात वकिली करताना मला एक गोष्ट पटली आहे. नवऱ्याच्या अर्जात असतो तेवढा प्रेमळ नवरा इतर कुठेही सापडत नाही.

साखरशेतची एक बाई माझ्याकडे आली, ती असाच अर्ज घेऊन. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून ती माहेरी आली होती. आता त्यानेच कोर्टात मागणी केली होती की बायकोने सबळ कारण नसताना संसार सोडला, तिला नांदायला यायचा हुकूम द्यावा. त्याचे तिच्यावर निरतिशय प्रेम असल्याचे तिसऱ्या परिच्छेदात टाइप केले होते. बाईने ते वाचून घेतले आणि ती म्हणाली, "ह्यो कोन?"

सोबत आलेल्या भावाला घटस्फोट हा शब्दच नको होता. "मॅडम, आपुन न्यायिक विभक्तता मागू. नाव तरी बरं वाटतं."

"नाव बरं आहे," मी म्हटलं, "पण लग्न तसंच राहतं. ती वेगळी राहील आणि बायको त्याचीच असेल. दुसरं लग्न करता येणार नाही."

"येगळी तर मी आताबी रातेच हाय," बाई म्हणाली. "मला त्याच्या नावातूनच सुटायचंय."

पण मारहाणीला साक्षीदार कोण? शेजारी सगळे त्याचेच भाऊबंद. आम्ही उलट घटस्फोट मागून लढलो आणि हरलो. नांदायला जायचा हुकूम झाला. नवऱ्याने कोर्टाबाहेर पेढे वाटले, एक माझ्याही हातावर ठेवला. मला इतका संताप आला की तो मी तसाच कुत्र्याला घातला.

बाई रडायला लागली. "आता पोलीस न्यायला येतील?"

"कुणी येणार नाही. कोर्ट फार तर मालमत्तेवर जप्ती आणेल, तुला उचलून त्याच्या घरात ठेवणार नाही. तुझ्याकडे जप्त करण्यासारखं काय आहे?"

"दोन कोंबड्या."

त्या हुकुमानंतर वर्षभर दोघं एकत्र नांदली नाहीत, तर घटस्फोट मागता येतो. आणि तो दोघांपैकी कुणीही मागू शकतो, हे नवऱ्याला कुणी सांगितलं नसावं. वर्ष उलटल्यावर आम्हीच त्याच्या हुकुमाची प्रत जोडून अर्ज केला.

नवरा कोर्टात लालेलाल. "हुकूम माझा, आन् फायदा हिचा?" त्याचे वकील म्हणाले, तिनेच हुकूम मोडला, स्वतःच्या चुकीचा लाभ तिला कसा मिळेल? न्यायाधीश म्हणाले, नुसतं नांदायला न जाणं म्हणजे तशी चूक नव्हे. घटस्फोट मंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं, अपिलाची मुदत जाईपर्यंत लग्नाची घाई करू नकोस.

"लगीन?" ती हसली. "मॅडम, तो वढून न्यायला येल म्हनून रोज दाराला आतून कडी लावायची. आज पयल्यांदा न लावता निजंन."