शब्दकोशात नसलेला मस्तर

मी तेव्हा पोलादपूरच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. तात्पुरती म्हणजे दर जूनमध्ये नव्याने ऑर्डर निघायची आणि ती निघेपर्यंत मे महिना घशात अडकलेला असायचा. ऑर्डर मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर निघे. शाळेखेरीज माझं एकच काम होतं. महाडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी ‘शब्दसाखळी’ नावाचं कोडं द्यायचे. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. दर बुधवारी शाळा सुटली की एसटीने महाडला जायचं, छापखान्यात कागद द्यायचा आणि सहाच्या गाडीने परत यायचं.

कोडं साधं होतं. पहिला आणि शेवटचा शब्द मी द्यायचे, मधल्या रिकाम्या चौकटी वाचकांनी भरायच्या. दर पायरीला एकच अक्षर बदलायचं, बाकीची जागच्या जागी ठेवायची. जोडाक्षर हे एकच अक्षर, आणि काना-मात्रा बदलली तरी अक्षर बदललं असं धरायचं. विशेषनामं आणि आज्ञार्थ चालणार नाहीत. शेवटचा नियम मीच हौसेने घातला होता: प्रत्येक शब्द शब्दकोशात असला पाहिजे.

त्या वर्षी वर्धापनदिनाच्या अंकासाठी संपादक म्हणाले, “बाई, या वेळी बक्षीस ठेवू. एक पुस्तकवाले मोठा शब्दकोश द्यायला तयार आहेत.”

बक्षीस पुस्तकाचं, म्हणून मी ‘पुस्तक’पासून ‘अक्षर’पर्यंत जायचं ठरवलं. ‘पुस्तक’ हा अडेलतट्टू शब्द आहे. त्याच्या शेजारी फारसं कोणी राहत नाही. मस्तक, दस्तक, हस्तक, की संपलं. उलट ‘अक्षर’च्या बाजूने ‘अस्तर’ लगेच सापडलं. दोन्हीकडे ‘स्त’ होता, मधला एक शब्द हवा होता, आणि तो मला एसटीत बसल्या बसल्या मिळाला. पुस्तक, मस्तक, मस्तर, अस्तर, अक्षर. तीन चौकटी. कोडं इतकं आटोपशीर झालं होतं की मी ते पुन्हा तपासलं नाही.

अंक शुक्रवारी निघाला. पुढच्या बुधवारी छापखान्यात पाऊल टाकलं तर संपादकांनी कार्डांचा गठ्ठा पुढे केला. वरचं कार्ड नाते गावाजवळच्या एका वाचकाचं होतं. अक्षर सुंदर, एकसारखं. ‘तिसरा शब्द सापडत नाही. चार दिवस बसलो. शब्दकोश शेजारी ठेवून बसलो. कृपया एकदा आपले उत्तर तपासावे.’

मी कपाटातला शब्दकोश काढला. मस्त, मस्तक, मस्ती. मध्ये ‘मस्तर’ नव्हता. पानं चिकटली असतील म्हणून बोट ओलं करून पाहिलं. नव्हता. मग ‘मस्टर’ उघडला. तो होता, हजेरीपट या अर्थाने. पण त्यात ‘स्ट’ आहे. मस्तकापासून मस्टरला जायला दोन अक्षरं बदलावी लागतात आणि तिथून अस्तरलाही दोन.

माझे वडील औद्योगिक वसाहतीत बांधकामावर मुकादम होते. घरात मी जन्मभर ऐकलेलं वाक्य होतं, “मस्तर भरून येतो गो.” मास्टरचा मास्तर होतो, तसा मस्टरचा मस्तर झाला होता, आणि तो कुठल्या कोशात नाही हे मला, मराठी घेऊन बीए झालेल्या बाईला, त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मी बाकीची कार्डं वाचायला घेतली. काहींनी ‘मस्तर’ लिहिलं होतं. बहुतेकांनी मात्र ‘मास्तर’ लिहिलं होतं. मास्तर शब्दकोशात आहे, अस्तरलाही लागून आहे, पण मस्तकापासून तिथे येताना ‘म’चा ‘मा’ होतो आणि ‘क’चा ‘र’. हे कोणी मोजलं नव्हतं. आणि ‘मास्तर’ लिहिणाऱ्यांत एक कार्ड आमच्या मुख्याध्यापकांचं होतं. खाली सही आणि हुद्द्यासकट.

मी संपादकांना सगळं सांगितलं. ते प्रुफावरून मान न उचलता म्हणाले, “मग मास्तर बरोबर धरू. चिठ्ठ्या टाकू, एक नाव काढू. कोण मोजतंय?”

“नातेवाले मोजतील.”

“एका माणसासाठी आपण चुकलो म्हणून छापायचं? तेही वर्धापनदिनाच्या कोड्यात? उद्या दुपारपर्यंत विचार करा. मजकूर तेव्हा जाईल.”

परतीच्या गाडीत मी वहीवर मान घालून बसले. चूक छापायचीच तर सोबत खरी साखळी तरी हवी. पुढून निघाले: दस्तक, दशक, दमक, दमन. तिथून नमन, वमन, गमन. मागून निघाले: अमर, अधर, अजर, समर. दोन याद्या एकमेकींना भेटेनात. पुस्तकाच्या बाजूला शेवटी ‘क’ नाहीतर ‘न’, अक्षराच्या बाजूला शेवटी ‘र’. सकाळी शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असतानाही माझ्या डोक्यात चौकटी होत्या. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक व्हरांड्यात भेटले. हसून म्हणाले, “काय बाई, आमचं उत्तर पोचलं ना?”

मी “हो सर” म्हणाले आणि त्यांच्या बुटांकडे पाहत राहिले. पुढच्या तासाला मुलांनाच धडा वाचायला सांगितला.

त्याच दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून महाडला गेले. छापखान्याच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, मांडीवर जाड वही. संपादकांनी ओळख करून दिली. हेच नातेवाले; सगळे त्यांना चाचा म्हणत. वीसेक वर्षं कुवेतला गाडी चालवून परत आलेले, आता वसाहतीत त्यांचा टेम्पो चाले. गावाकडून येणारं सामान ज्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं असे, त्यांतली कोडी सोडवत त्यांनी तिथले दिवस काढले होते.

ते उठून उभे राहिले. “बाई, मी भांडायला नाही आलो. मला फक्त तो शब्द सांगा. झोप लागत नाही.”

मी खोटं बोलू शकले असते. संपादक माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “चाचा, शब्द मस्तर आहे. आणि तो कोशात नाही. माझी चूक झाली.”

ते हळूच म्हणाले, “मस्तर. हां. साइटवर सगळे तसंच बोलतात. मी बी लिहिला होता, मग खोडला.”

“खोडला का?”

“तुमचा नियम होता ना कोशाचा. नियम तुम्ही घातला. तो मी कसा मोडणार?”

मला त्यांच्याकडे बघवेना. मी माझी वही पुढे केली आणि म्हणाले, “दुसरी वाट सापडत नाही. इथवर आले आहे.”

त्यांनी माझ्या दोन्ही याद्या सावकाश वाचल्या. मग स्वतःची वही उघडली. तशी वही मी कधी पाहिली नव्हती. दर पानावर मथळ्याला एक अक्षर गाळलेला शब्द: एक रिकामी चौकट आणि पुढे ‘मन’, दुसऱ्या पानावर ‘द’, चौकट, ‘क’. त्या चौकटीत जे जे बसेल ते खाली ओळीने लिहिलेलं. “एका पानावरचे सगळे एकमेकांचे शेजारी,” ते म्हणाले. “ह्या पानावरून त्या पानावर जायचं, बस्स. नवा शब्द मिळाला की तो तीन पानांवर लिहायचा, तीन अक्षरं आहेत म्हणून.”

मी शेजारी आठवत बसायचे, त्यांनी शेजाऱ्यांची घरंच बांधून ठेवली होती. त्यांनी ‘चौकट-मन’चं पान काढलं आणि बोट खाली नेलं. नमन, गमन, वमन, दमन, शमन. सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईत: अमन.

“हा घेता का?” त्यांनी विचारलं. “आमच्या घरात बोलतात. मराठीत धरतात का, तुम्ही बघा. म्हणून मी तो पक्का नव्हता केला.”

मी शब्दकोश उघडला. तो नसता तर आम्ही पुन्हा होतो तिथेच. अभ्यास, अमंगल, अमक्या. अमन: शांतता, सुरक्षितता. होता. दमनपासून अमन, अमनपासून अमर, अमरपासून अक्षर. मी आठही शब्द एकाखाली एक लिहिले: पुस्तक, दस्तक, दशक, दमक, दमन, अमन, अमर, अक्षर. चाचांनी पेन्सिलीने प्रत्येक पायरीला बदललेल्या अक्षराखाली रेघ मारली आणि म्हणाले, “चौकटी सहा. तुम्ही तीन छापल्या होत्या.”

संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्या दोघांकडे. “लिहा तर मग,” ते म्हणाले. “थोडक्यात लिहा.”

मी तिथेच बसून लिहिलं. ‘गेल्या अंकातील कोडे चुकीचे होते. आलेले कोणतेही उत्तर नियमात बसत नाही. योजलेला मस्तर हा शब्द अशुद्ध असल्याने कोडे रद्द केले आहे.’ खाली सहा चौकटींची नवी साखळी. बक्षीस पुढच्या कोड्यासाठी राखून ठेवलं.

अंक निघाला त्या शुक्रवारपासून मी मुख्याध्यापकांच्या खोलीपुढून जायचं टाळू लागले. दहा-बारा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एकदा स्टाफरूममध्ये चहा घेताना म्हणाले, “दोन अक्षरं बदलत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.” एवढंच. जूनमध्ये ऑर्डर आली. मी महिनाभर जी भीती उराशी धरून बसले होते तिचं काहीच झालं नाही.

झालं ते घरी. दुरुस्तीचा अंक निघाला त्याच रविवारी वडील ओटीवर तो वाचत होते. चष्मा नाकावर, बोट ओळीवर. मी भाजी निवडत होते.

“यात काय लिवलंय गो? मस्तर अशुद्ध?”

“कोशात नाही बाबा. मस्टर आहे.”

“मंग मी काय भरत होतो इतकी वरसा?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. मला नियम सांगता आला असता, कोश दाखवता आला असता. मी म्हणाले, “तुमचा शब्द बरोबर हाय. मी लिहिलं ते चुकलं.” शाळेत लागल्यापासून मी घरात ‘हाय’ म्हणायचं सोडलं होतं. अंकाची घडी घालून त्यांनी ती उशाखाली ठेवली, फेकली नाही.

पुढच्या अंकात मी आणखी एक ओळ छापायला दिली, की ‘अशुद्ध’ऐवजी ‘कोशात न आढळलेला’ असे वाचावे. संपादक वैतागले. “दुरुस्तीची दुरुस्ती कोण वाचतं, बाई?” पण त्यांनी छापली, अगदी तळाला, बारीक टाइपात.

बक्षिसाचा शब्दकोश शेवटी पुढच्या कोड्याला एका पोस्टमन गृहस्थांना मिळाला. चाचांनी त्या वेळी उत्तर पाठवलंच नाही. म्हणाले, आता मला तुमच्या वाटा ठाऊक झाल्या, ते बरोबर दिसणार नाही. त्याऐवजी दर बुधवारी ते बाकावर येऊन बसू लागले. कोडं छापायला जाण्याआधी ते पायरी पायरीने तपासायचे आणि शंका आली की पेन्सिल त्या शब्दावर ठेवून माझ्याकडे बघायचे. मी प्रत्येक वेळी कोश उघडायचे. शब्द सापडेपर्यंतचा तो क्षण मला कधीच सोपा गेला नाही.