हिरवा ठिपका बघून घेतलेलं खाणं

चंद्रव्वाचं धुळीशी उभं वैर. सत्तरच्या दशकात तिचा नवरा महादेवप्पा सोलापुरात गिरणीत कामाला होता. घरी यायचा तो पापण्यांपर्यंत कापसाची भुकटी माखून. त्या भुकटीनंच त्याची छाती धरली आणि बिचारा खोकून खोकून गेला. तेव्हापासून ही बाई पाणी शिंपडल्याशिवाय केर काढत नसे.

मुलगा गुंडा पुण्याला गेला आणि जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये ती एकटी उरली. एकटेपणानं पार कावून गेली होती. अशात पार्किंगमध्ये एक करडं पिल्लू ओरडताना दिसलं, आणि जन्मात कधी मांजर न पाळलेल्या चंद्रव्वानं ते पदरात गुंडाळून वर आणलं. नाव ठेवलं मल्ली.

तिसऱ्या मजल्यावर मांजराला उकरायला माती कुठली? रिक्षा करून ती बंदेनवाजच्या दुकानात गेली. पाळीव जनावरांचं सगळं सामान त्याच्याकडं मिळायचं.

"मौशी, लिटर पायजे ना?" त्यानं विचारलं.

"लिटर? तेल मागाय आले का रं मी? मांजराच्या घाणीखाली घालायला काय असतंय ते दे."

"त्यालाच लिटर म्हणत्यात की."

त्यानं आधी स्वस्तातली माती दाखवली. ओली झाली की तिचा गोळा होतो, तेवढाच उचलून टाकायचा. चंद्रव्वानं सुटी मूठभर मागून घेतली, दारातल्या उन्हात हात उंच धरून खाली सोडली आणि नाकाला पदर लावला. "अय्यो, केवढी उडतीय! लहान जिवाच्या नाकातोंडात जायची." दुसरीला अत्तरासारखा वास लावलेला होता, तिच्यातही धूळ होतीच. शेवटी लाकडाच्या दाबलेल्या कांड्या आल्या. त्या ओल्या झाल्या की भुसा होऊन खाली बसतात. उन्हात सोडल्या तर टपटप पडल्या, धूळ जवळजवळ नाहीच. चंद्रव्वा खूश झाली.

खाण्याच्या वेळी मात्र बाईचा सगळा चिकित्सकपणा कुठं गेला कोण जाणे. बंदेनवाजनं व्हिस्कस, मी-ओ अशी मांजराच्या खाण्याची पाकिटं काढली, मागं छापलेलं वाचून दाखवलं. "ह्यात चिकन हाय, ह्यात मासळी. चिकन-मासळी आधी लिहिलेलं बघून घ्यायचं."

"शिवा शिवा! गळ्यात लिंग हाय माझ्या, मांसमच्छी घरात न्हाय चालत. हिरव्या ठिपक्याचं दे."

"तसलं कुत्र्याचंच हाय, मौशी. मांजराला न्हाय चालत."

"आमच्या घरात सगळे भाकरी-आमटीवर वाढले. ती काय वायली हाय व्हय?"

त्यानं पुन्हा एकदा समजावलं. पण हट्टाला पेटलेल्या चंद्रव्वापुढं कुणाचं चाललंय? हिरव्या ठिपक्याची पिशवी घेऊनच ती घरी आली.

मल्ली ते भिजवून दिलेलं मिटक्या मारत खायची. कांड्यांत पहिल्याच दिवशी शहाण्यासारखी बसली. घरात धूळ नाही, वास नाही. चंद्रव्वा फोनवर गुंड्याला लेकराचं कौतुक सांगावं तसं सांगायची. पुढं कित्येक महिने तीच पिशवी येत राहिली.

मग मल्ली खुर्चीवर उडी मारताना चुकायला लागली. एकदा सरळ जाऊन दारावर आपटली. भर उन्हातही तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या दिसायच्या. चंद्रव्वाला वाटलं, डोळे किती सुंदर झालेत पोरीचे. पण आपटणं वाढतच गेलं, तशी ती मल्लीला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि खाण्याची चौकशी केली. चंद्रव्वानं हिरव्या ठिपक्याची पिशवी सांगितली.

"आजी, मांजराला टॉरीन नावाचं एक द्रव्य लागतं. ते मांसातून मिळतं. कुत्र्याचं शरीर ते स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसं बनवत नाही. डोळ्यांचे पडदे गेलेत हिचे. हृदयही थोडं अशक्त झालंय. आजपासून मांजराचंच खाणं द्या, हृदय सावरेल."

"आन् डोळं?"

"ते नाही परत येणार."

चंद्रव्वा तिथून थेट दुकानात गेली. बंदेनवाजनं तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता चिकनचं खाणं पुढं केलं. "मीच जरा जोरानं बोलायला पायजे होतं," एवढंच तो म्हणाला. त्यावर तिला रडू फुटलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिनं देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि स्वयंपाकघरात पिशवी फोडली. नाकाला पदर लावला. तशीच वाटी भरून ती जमिनीवर बसली. मल्ली वासावर भिंत घासत आली आणि अधाशासारखी खायला लागली. एवढी भुकेली ती याआधी कधी दिसली नव्हती.

"मल्ले," तिनं हाक मारली. मल्लीनं मान वर केली, पण बघत होती ती चंद्रव्वाच्या खांद्यापलीकडं. चंद्रव्वानं तोंड जवळ नेलं. मल्लीनं पंजा पुढं करून तिचं नाक चाचपलं, मग गाल चाचपला. गाल ओला लागला, तसा पंजा झटकला आणि पुन्हा तिथंच ठेवला.