सपाट दिसलेली रेषा

दोहाच्या विद्यापीठात मी गणित शिकवतो. एका नाशिककर विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं समीकरण साधं होतं: क्ष बदलण्याचा वेग म्हणजे क्षचा वर्ग अधिक एक स्थिरांक. स्थिरांक ऋण असेल तर दोन समतोल, म्हणजे क्ष जिथे न बदलता राहतो अशा दोन जागा, एक स्थिर, दुसरा अस्थिर. तो वाढवला की दोन्ही जवळ येतात, स्थिरांक शून्य झाला की एकत्र मिळतात आणि पुढे नाहीसे होतात.

तिचा स्थिरांक शून्याच्या किंचित वर होता, पण तिचा प्रोग्रॅम चालवला तर माझ्या पडद्यावर क्षच्या आलेखाची रेषा सपाट.

"हा काय समतोल! नाहीसा कुठं झाला?"

"नाही सर, तिथे क्ष फक्त रेंगाळतो. अजून थोडं चालवून बघा ना."

"खलास," म्हणत मी तिला नापास केलं.

ती गेल्यावर प्रोग्रॅम आणखी चालवून पाहिला. रेषा सरळ वर सुटली. निकाल दुरुस्त करता आला असता. माझी चूक दिसेल म्हणून केला नाही. ती शिक्षण सोडून परत गेली.