टेकडीची बारा मिनिटं

तिला सगळे घड्याळताई म्हणत, अगदी तोंडावर. त्यातही काहीतरी टोमणा असणार अशी तिला शंका होतीच. बस डेपोत तीस वर्षं ती गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा नोंदवत बसली होती. उशिरा आलेला ड्रायव्हर थाप मारणार, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि पुढे सगळं जग ड्रायव्हरांनीच भरलंय असं धरून ती चालली. दूधवाला असो की सख्खा नवरा, उलटतपासणी कुणाला चुकली नाही. नवरा बिचारा शांतपणे उत्तरं देत देतच गेला.

निवृत्त झाल्यावर गावातल्या नाट्यमहोत्सवाचं वेळापत्रक तिच्याकडे आलं. जागा तीन. बाजारातलं मोठं नाट्यगृह, त्याच्या समोरचा शाळेचा हॉल आणि टेकडीवरचं जुनं सभागृह. एकच पास घेऊन माणसं दिवसभर इकडून तिकडे जात. आता एका दारातून बाहेर पडलेला प्रेक्षक दुसऱ्या दारात लगेच उगवत नाही, एवढं कुणालाही कळतं, पण वेळापत्रक करताना नेमकं तेच विसरतात. घड्याळताई विसरत नसे. मोठं नाट्यगृह रिकामं व्हायला आठ मिनिटं, टेकडीपर्यंत चालायला बारा, वर रांग आणि पास तपासायला सात. झाली सत्तावीस. चारचं नाटक साडेपाचला संपलं की टेकडीवर सहाचा प्रयोग, वर तीन मिनिटं शिल्लक. ती नकाशावर अंतर मोजत नसे. हातात पिशवी घेऊन, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, महोत्सवाच्याच वेळेला स्वतः चालून बघे. या बारा मिनिटांवर पाच वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मंगळवारच्या बैठकीत कार्यवाह म्हणाले, "टेकडीवरच्या दोनशे खुर्च्यांपैकी जेमतेम ऐंशी भरतात. यंदापासून ती जागा बंद करू या. शुक्रवारी ठरवू."

घड्याळताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टेकडीवरचं सभागृह तिचा धाकटा भाऊ सांभाळत होता. मागच्याच दोन खोल्यांत त्याचा संसार होता. महोत्सव गेला की विश्वस्त ती इमारत गोदामाला देणार, हे उघड होतं. पन्नाशी उलटलेला भाऊ बायकोला घेऊन जाणार कुठे?

"यात पाणी मुरतंय," ती घरी येऊन भिंतीला म्हणाली. टेकडीच्या दारावर पास तपासायला असतो तो कार्यवाहांचा भाचा. मग काय, धागा सापडलाच की!

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयातून मागच्या वर्षीची दाराची वही काढली. आत सोडलेले ब्याऐंशी, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी. शेजारच्या रकान्यात मात्र उशीर झाल्यामुळे परत पाठवलेले एकसष्ट, सत्तर, चौपन्न! प्रयोग सुरू झाल्यावर दार उघडायचं नाही हा नियमच होता. पण माणसं आली होती, आणि बहुतेक सगळी सहा वाजून चार ते दहा मिनिटांच्या मध्ये. ताईचे डोळे चमकले. चोर सापडला, भाच्याने घड्याळ पुढे लावलंय!

भाचा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. गिऱ्हाइकांसमोरच तिने त्याला धरलं.

"खरं सांग, दार किती वाजता लावायचास? मामाने काय शिकवून पाठवलं होतं?"

"सहाला लावायचो, काकू. फोनवर बघून," तो हातातला स्क्रू बाजूला ठेवत म्हणाला. "माणसं धापा टाकत यायची हो. एक आजोबा पायरीवरच बसले, त्यांना पाणी दिलं मी. तुम्ही एकदा वर चढून बघा ना."

"मी दरवर्षी बघते!"

"बघत असाल," भाचा म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

ती तणतणत बाहेर पडली. म्हणे चढून बघा! पण साडेपाच वाजतच आले होते, म्हणून नाट्यगृहाच्या दारात उभं राहून तिने घड्याळ लावलं आणि चालायला लागली. देवळाच्या वळणापर्यंत सहा मिनिटं. तिथून रस्ता उभा चढला. नवव्या मिनिटाला तिने पिशवीचा हात बदलला. चौदाव्याला कठड्याला धरून थांबली. सभागृहाच्या दाराशी पोचली तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती.

तिथेच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दरवर्षी रस्ता मोजायच्या दिवशी भाऊ तिला स्कूटरवरून वर आणायचा. वर चहा व्हायचा, आणि मग ती घड्याळ लावून खाली चालत जायची. उतरायला बारा मिनिटं, म्हणून चढायलाही बारा! जाणं तेवढंच येणं, असं तिने बेलाशक लिहून टाकलं होतं. पाच वर्षं भावाचं सभागृह कुणी रिकामं ठेवलं असेल तर ते तिनेच. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की भावाला हाकही न मारता ती खाली उतरली.

शुक्रवारी बैठकीत ती उभी राहिली.

"माझं चुकलंय. चढायला एकवीस लागतात, मी बारा धरले होते. सत्तावीस नाही, छत्तीस मिनिटं हवीत. म्हणजे सावकाश चालणाऱ्यांना सहाचा प्रयोग गाठताच येत नव्हता."

"मग टेकडीचा प्रयोग सहा दहाला करा," कुणीतरी म्हणालं.

"नाही चालणार. तो सव्वा तासाचा. मग खाली यायला उशीर होऊन पावणेआठचं शेवटचं नाटक चुकेल. त्यापेक्षा चारचं नाटक तीन पन्नासला सुरू करा. पाच वीसला संपेल, छत्तीस मिनिटांत माणसं वर. पुढचं काहीच हलवायला नको."

रंगमंचवाले उसळले. तीनला पहिलं नाटक संपतं, नेपथ्य बदलायला त्यांना पूर्ण तास लागे. घड्याळताईने हात जोडले. तिला हात जोडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचा प्रमुख जरा गडबडला आणि म्हणाला, "दोन माणसं जास्त द्या, पन्नास मिनिटांत करतो."

"दिली," कार्यवाह म्हणाले. "एक वर्ष बघू. आणि ताई, ती वही मीच पुढे आणणार होतो. इतक्या माणसांना उशीर का होतो हे मलाही कळत नव्हतं." ज्याला ती तीन दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होती, तोच हा माणूस.

संध्याकाळी ती टेकडीवर गेली. भाऊ खुर्च्या पुसत होता. तिने सगळं सांगितलं, जागा राहिली म्हणाली, माफीही मागितली. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मला माहीत होतं गं ताई," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"लोकांना चढायला वेळ लागतो ते. रोज बघतो ना मी."

"मग बोलला का नाहीस? तुझं घर जायची वेळ आली होती!"

"बोललो होतो. तिसऱ्या वर्षी. तू म्हणालीस, तुला कुणी पढवून पाठवलंय? तासभर नावं विचारत होतीस. माझ्या बायकोसमोर." त्याने फडकं पिळलं. "तेव्हाच ठरवलं, घर गेलं तरी चालेल, पण ताईला पुन्हा काही सांगायचं नाही."

घड्याळताईला तो तास आठवला. तेव्हा तिला वाटलं होतं, बरी जिरवली. ती मटकन खुर्चीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न विचारता रडली.